एका घाण्याला डाळ किती?

सांगलीच्या गणपती पेठेत भाचीसाठी दगडी ग्राइंडर बघायला गेले होते. दुकानदाराने मान वर न करता, पावतीवर शिक्का मारता मारताच विचारलं, "काकू, घरात माणसं किती?" भाची म्हणाली, "दोघंच." "मग सव्वा लिटर. दोघांना भरपूर झाला." एवढं बोलून त्याने पोराला माळ्यावरचा खोका काढायला सांगितलासुद्धा. शेजारी मिरजेचे एक आजोबा उभे होते, त्यांनाही तोच प्रश्न. ते म्हणाले सहा. त्यांच्यापुढे दोन लिटरचा आला. दोन गिऱ्हाइकं इतकी झटपट मार्गी लागलेली बघून मला आधी कौतुकच वाटलं. मग परतताना राममंदिर चौकात थांबलो होतो तेव्हा काहीतरी खटकायला लागलं. कुकर घेताना माणसं मोजतात ते बरोबर, भात रोजच्या रोज लागतो आणि माणशी लागतो. इडलीचं पीठ रोज कोण वाटतंय? आणि वाटलं तर नेमकं काय वाटतं, डाळ की डाळ-तांदूळ दोन्ही, हे त्याने कुणालाच विचारलं नाही.

माझ्या जाऊबाईंचं घर सात माणसांचं. त्या दुकानदाराच्या हिशेबाने त्यांना दोन लिटरचाच हवा, आणि तसा तो आहेही. पण त्यांच्याकडे इडली होते ती रव्याची. बाजारातला इडली रवा म्हणजे तांदळाची भरड. ती धुऊन भिजवायची, हाताने घट्ट पिळायची आणि वाटलेल्या उडदात कालवायची. म्हणजे ग्राइंडरमध्ये जाते ती फक्त डाळ. आठवडी वाराला कुणी बाहेर जेवणार असलं की ती डाळही वाटीभरच. मी एकदा त्यांच्या ओट्याशी उभी राहून बघितलंय. त्या रुंद ड्रममध्ये वाटीभर डाळ पडली, ड्रम फिरायला लागला आणि डाळ कडेला जाऊन भिंतीला चिकटून बसली. वर प्लास्टिकची पट्टी असते, कडेचं पीठ खरवडून पुन्हा दगडाखाली आणायला. पण तिच्यापर्यंत पोचेल इतका मालच नव्हता. दगड नुसते खालच्या दगडावर घरघरत होते. जाऊबाई उलथनं घेऊन दर दोन मिनिटांनी डाळ आत ढकलत होत्या आणि म्हणत होत्या, "याच्यापेक्षा मिक्सर बरा होता गं."

उलट माझी भाची. घरात दोघं, दोघंही नोकरीला. ती रविवारी एकदाच वाटणार आणि बुधवार-गुरुवारपर्यंत फ्रीजमधलं पीठ पुरवणार. आधी इडली, मग डोसे, शेवटी आंबट झालं की कांदा-मिरची घालून आप्पे. तिला रव्याची इडली आवडत नाही, उकडा तांदूळ भिजवूनच वाटायचा. शिवाय तासगावहून सासू-सासरे आले की चार पानं. म्हणजे माणसं कमी आणि घाणा मोठा. तिचा हिशेब आम्ही घरी येऊन कागदावर मांडला. दोनशे ग्रॅम उडीद आणि सहाशे ग्रॅम तांदूळ, एकास तीन. कोरडं बघितलं तर हे सगळं एका लहान डब्यात मावतं, म्हणून माणूस फसतो.

उडीद फुगतो, आणि दोनदा फुगतो. एकदा भिजताना, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्यांदा वाटताना. पहिली दहा मिनिटं ड्रमच्या तळाशी जाडसर, पिवळट चोथा दिसतो आणि वाटतं, एवढीच का डाळ? मग चमच्या-चमच्याने गार पाणी जात राहतं, दगड फिरत राहतात, आणि विसाव्या मिनिटाच्या आसपास त्याचा रंग बदलतो. पांढरं, चकचकीत, बोटाने उचललं तर बोटावर टोक काढून उभं राहणारं. हवा आत कोंडली गेलेली असते. दोनशे ग्रॅम डाळीचं अर्ध्या तासात लिटरभर पीठ झालेलं असतं. हे लिटरभर पीठ सव्वा लिटरच्या ड्रममध्ये बसतं खरं, पण बसणं आणि फिरणं यात फरक आहे. लिटरचा आकडा हा ड्रमच्या पोटाचा आकडा. त्याच पोटात दगड आहेत, मधला खांब आहे, आणि फिरताना पीठ कडेने वर चढतं. शेवटच्या दहा मिनिटांत, नेमकं पीठ हलकं व्हायला लागतं तेव्हाच, ते काठावरून बाहेर डोकावतं. मग बाई घाबरून ग्राइंडर बंद करते आणि इडली दडदडीत होते. तांदळाचं तर सरळ गणित: सहाशे ग्रॅम भिजून, पाणी घेऊन सव्वा लिटरच्या वर जाणार. म्हणजे दोन घाणे. म्हणजे रविवारच्या सकाळचा आणखी अर्धा तास.

तेव्हा दोघांच्या त्या घरात दोन लिटरचा, आणि सात जणांच्या जाऊबाईंकडे सव्वा लिटरचा. दुकानदाराच्या बरोबर उलट.

मिक्सरवर का भागत नाही, हा प्रश्न भाचीच्या नवऱ्याने विचारलाच. तोही बरोबर आहे. साडेपाचशे-साडेसातशे वॉटचा मिक्सर घरात पडलेला असताना दगडांना पैसे का घालायचे? मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, ते कापतं. कापताना तापतं. उडदाच्या डाळीत प्रथिनं आहेत आणि एक चिकट पदार्थ आहे, जो भिजवल्यावर बोटांना तार धरतो. या दोघांनी मिळून हवा धरून ठेवायची असते. दगड कापत नाही, चेपतो आणि रगडतो, सावकाश, आणि चेपताना पीठ पुन्हा पुन्हा उलटून हवा आत घेतो. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये मिक्सरचं भांडं हाताला कोमट लागतं, त्यात बर्फाचं पाणी घालून वेळ मारून नेता येते आणि बऱ्याच घरी नेलीही जाते. डोशाला ते चालून जातं. इडलीला फरक कळतो. खात्री करायची तर वाटलेल्या उडदाची एक गोळी पाण्याच्या वाटीत टाकायची. तरंगली तर डाळ झाली, बुडाली तर अजून वाटा.

आमच्या लहानपणी हे काम पाट्यावर व्हायचं. मागच्या दाराला पाटा, त्यावर आई गुडघ्यात वाकलेली, आणि डाळीची ती कच्ची, किंचित हिरवट वासाची धार कोपरापर्यंत आलेली. इडली म्हणजे सणच, कारण तेवढी डाळ वाटायला आईची कंबर जायची. वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावणारी बाई गल्लीत यायची, उन्हात बसून पाट्यावर छिन्नीने टकटक टकटक टाके घालायची, आणि त्या दिवशीचं पहिलं वाटण कुणीच खायचं नाही. ही कंबर वाचवायचं यंत्र १९५५ साली कोइमतूरमध्ये पी. सबापती यांनी बनवलं असं सांगतात, आणि आजही दगडी ग्राइंडर म्हटलं की माल तिकडचाच. कोइमतूरच्या वेट ग्राइंडरला भौगोलिक मानांकनही आहे. तिकडच्या ग्रॅनाइटवर हा धंदा उभा राहिला. आपल्याकडे तो फार उशिरा, टेबलावर मावेल असा होऊन आला.

पुन्हा दुकानात. दुसऱ्या वेळी आम्ही मारुती चौकाजवळच्या दुसऱ्या दुकानात गेलो, तिथे मालकीणबाई बसल्या होत्या आणि त्यांनी खोका उघडून हात लावू दिला. खोका न उघडता ग्राइंडर घेऊ नये, कारण जे बघायचं ते सगळं आत असतं आणि चित्रावर सगळेच दगड काळेभोर, सुंदर असतात. मी आधी दगड हातात घेतला. अस्सल दगडाचा दाणा थोडा कमी-जास्त असतो, एखादा पांढरा ठिपका मोठा, एखादा लहान, आणि आकाराच्या मानाने तो हाताला जड लागतो. दगडाची भुकटी चिकटद्रव्यात ओतून केलेला दगड फार एकसारखा दिसतो, कडा साच्यातून निघाल्यासारख्या गुळगुळीत. तोही काही वर्षं वाटतो. पण कड उडाली की तो चुरा कुठे जातो हे सांगायला नको.

मग दोन दगड की तीन, लांबट की शंकूसारखे. या प्रश्नावर विकणारे फार बोलतात, म्हणून थोडं समजून घेतलेलं बरं. खालचा ड्रम फिरतो तेव्हा कडेचा भाग मधल्या भागापेक्षा जोरात पळतो, कारण त्याला तेवढ्याच वेळात मोठा फेरा मारायचा असतो. त्यावर दोन्ही टोकांना सारख्या जाडीचा लांबट दगड ठेवला तर तो कुठे तरी घासणारच; त्याचं बाहेरचं टोक मागे पडतं आणि आतलं पुढे धावतं. शंकूचं बाहेरचं टोक जाड आणि आतलं बारीक, त्यामुळे तो ड्रमबरोबर जवळजवळ न घसरता लोळतो. घासणं कमी, तापणं कमी, झीज एकसारखी. म्हणून लांबट दगड टाकाऊ आहेत असं मात्र नाही. घासण्यानेही डाळ वाटलीच जाते आणि जुन्या घरांत असेच ग्राइंडर अजून चालतात. तिसऱ्या दगडाने थोडा वेळ वाचतो आणि धुताना एक फट वाढते. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दगड टेकतात कसे. ड्रममध्ये दगड बसवायचे, वरचा दांडा अडकवायचा आणि कागदाची पट्टी दगडाखाली सरकवून बघायची. एका टोकाला सहज जाते आणि दुसऱ्या टोकाला अडते, असं असेल तर तो दगड तिरपा बसलाय. असल्या ग्राइंडरमध्ये तांदूळ कितीही फिरवा, हाताला रवा लागतच राहणार. आम्ही उघडलेल्या पहिल्या खोक्यात एक दगड तसाच निघाला. मालकीणबाईंनी कुरकुर न करता दुसरा खोका काढला.

आणि एक सांधा बघायचा. खालचा दगड स्टीलच्या ड्रमच्या बुडाला चिकटवलेला असतो. त्या दोघांच्या मधल्या रेषेवरून नख फिरवायचं. नख कुठे आत गेलं तर तिथे उद्या पीठ जाणार. ते धुऊन निघत नाही, आत आंबतं, आणि ग्राइंडरला एक ओला, शिळ्या ताकासारखा वास लागतो. माझ्या एका मैत्रिणीकडे तो वास मी ओळखला. तिला वाटत होतं डाळच खराब येतेय. याच सांध्यामुळे टेबलावरच्या ग्राइंडरला टाकी लावणाऱ्याकडे द्यायला माझं मन होत नाही. पाटा अखंड दगडाचा, त्याला छिन्नीचे घाव सोसतात. इथे ठोका बसला की चिकटवण सुटण्याची भीती. घरच्या वापरात दगड गुळगुळीत व्हायला बरीच वर्षं जातात. तेव्हा वरचे दगड किंवा अख्खा ड्रम बदलून मिळतो का, हेच आज विचारून ठेवायचं.

घरी आणल्यावर पहिला घाणा खायचा नाही. भिजवलेले जाडेभरडे तांदूळ पंधरा-वीस मिनिटं फिरवले तेव्हा जे निघालं ते राखाडी होतं, चिमटीत चोळलं तर कचकच. ते फेकलं, दगड ब्रशने घासले, पुन्हा तांदूळ. दुसऱ्यांदा फिकट. पाणी स्वच्छ, दुधासारखं पांढरं येईपर्यंत हे करत राहायचं. भाची म्हणाली, "मावशी, केवढा तांदूळ वाया!" रेशनचा तांदूळ होता, पण तिचं म्हणणं मला पटलंही आणि नाहीही.

आता सर्व्हिस. ग्राइंडर कोइमतूरचा, दुकान सांगलीचं, आणि मधलं जे काही आहे ते कोल्हापूरला, असं साधारण चित्र असतं. दोन लिटरचा ग्राइंडर दगडांसकट दहा-बारा किलोच्या पुढे जातो. तो स्कूटरवर पुढे ठेवून कोल्हापूरला कोण नेणार? म्हणून वॉरंटी किती वर्षांची यापेक्षा माणूस घरी येतो की मशीन न्यायचं, हा प्रश्न आधी. बऱ्याचदा मोठा आकडा मोटारीपुरता असतो आणि दगड, पट्टी, प्लास्टिकचा दांडा त्यात नसतात; खरं तर तुटतं तेच. भाचीने बिलावर मालकीणबाईंकडून लिहून घेतलं: ड्रम, दगड आणि खरवडायची पट्टी सुटी मिळेल. त्या हसल्या, पण लिहिलं.

त्यातला मोठा भाग मात्र कंपनीवाचूनही निभावतो, आणि हे मला आमच्या गल्लीतल्या पंखे वाइंडिंग करणाऱ्या मामांनी शिकवलं. ग्राइंडर सुरू केला, मोटर नुसती हूं करते, ड्रम हलत नाही. हाताने एक झोका दिला की फिरायला लागतो. बाया अशा वेळी मोटर जळाली म्हणून रडतात. मामा म्हणतात, "जळाली असती तर वास आला असता की. कपॅसिटर बसलाय." पंख्यात असतो तसाच हा, किरकोळ किमतीचा, फक्त जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा नव्यावर तोच हवा. झोका देऊन दिवस ढकलले तर मात्र मोटर खरोखर तापून जाते. दुसरं दुखणं पट्ट्याचं. रिकामा ड्रम झकास फिरतो, घट्ट डाळ पडली की मंदावतो आणि रबर तापल्याचा वास येतो. तो पट्टा ढिला पडलाय. नवीन ग्राइंडरमध्ये हेच झालं तर आधी पाणी घालून बघायचं, कारण पुष्कळदा दोष डाळ कोरडी ठेवण्याचा असतो. आणि वाटता वाटता वीज गेली, आपल्याकडे जातेच, तर आल्यावर तसंच बटण दाबायचं नाही. दगड उचलून पीठ मोकळं करायचं, मग सुरू. दाबून बसलेल्या पिठातून ड्रम ओढताना मोटारीवर जो ताण येतो तो सगळ्यात वाईट.

मामांचं दुकान २०१९ च्या महापुरानंतर कित्येक दिवस रात्री उशिरापर्यंत उघडं असायचं. बाहेर चिखलाने माखलेल्या मिक्सरांची, पंख्यांची रांग, सगळीकडे तो गाळाचा वास. त्यात एक ग्राइंडरही होता. त्याचे दगड नळाखाली धरले आणि स्वच्छ झाले, त्यांना काहीच झालेलं नव्हतं. मोटारीचं वाइंडिंग नवं करावं लागलं आणि बेअरिंग बदलली. तो अजून चालतो असं मामा सांगतात, आणि सांगताना श्रेय दगडाला न देता स्वतःच्या वाइंडिंगला देतात.

भाचीचा ग्राइंडर दीडशे वॉटचा आहे, डाळ-तांदूळ मिळून तासभर चालला तरी पाव युनिटसुद्धा जळत नाही. त्याची चिंता नाही. वाद आमचा राहिलाय तो वेगळाच. तिने ड्रम निघणारा घेतला, कारण सिंकमध्ये ठेवून धुता येतो. मी म्हणत होते तिरपा होणारा घे, दांडी ओढली की पीठ आपसूक पातेल्यात. ती म्हणते, तिरप्याच्या कोपऱ्यात ब्रश पोचत नाही, आणि तिथेच पीठ वाळतं. ते खरं आहे. पण लिटरभर पीठ, खालचा दगड आणि स्टील मिळून तो ड्रम उचलायचा म्हणजे मनगटाची परीक्षा असते, आणि तिची मनगटं तिशीची आहेत. मला घ्यायचा झाला तर मी सव्वा लिटरचा घेईन, कारण माझ्याकडेही इडली रवाच असतो, आणि तिरपाच घेईन, मग कोपरे टूथब्रशने घासावे लागले तरी चालतील.